शून्य व्हॅटचं जर्मन बिल

*शिरोली एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. मी इथला हिशेबनीस, सत्तावीस वर्षं झाली. मराठीशिवाय काही वाचता येत नाही, टॅली सवयीनं चालवतो. जर्मनीहून स्पिंडल बेअरिंगचं बिल आलंय, त्यात कर शून्य लावलाय. मालक म्हणतात, बिल चुकीचं आहे, व्हॅट लावून परत मागवा, म्हणजे इनपुट मिळेल. सप्टेंबरात ते हॅनोव्हरला मशिनच्या प्रदर्शनाला गेले होते, तिथून २३८ युरोचं एक गेज बॅगेतून आणलं. त्या बिलात १९ टक्के लावले होते आणि ते मी इनपुटला घेतले. मग बरोबर बिल कोणतं? आणि या कागदावर कुठे काय लिहिलंय, तेही एकदा नीट सांगा. प्रत जोडली आहे.*
*— एक हिशेबनीस, शिरोली*

बिल परत पाठवू नका, त्यातलं शून्य बरोबर आहे. गेजच्या बिलातले १९ टक्केही जर्मनीतल्या दुकानदारानं बरोबरच लावले होते. चूक झाली ती ते इनपुटला घेण्यात. तिच्याकडे शेवटी येतो, आधी कागद समोर घेऊ.

तुम्ही पाठवलेल्या प्रतीतल्या कामाच्या ओळी खाली उतरवल्या आहेत आणि डावीकडे मराठी आकडे मी घातले आहेत. तुमच्या प्रतीवरही पेन्सिलनं हेच आकडे घाला. पुढच्या बिलावर हे शब्द याच वळणाचे दिसतील, त्यामुळे अक्षरं वाचता आली नाहीत तरी ओळखता येतील.

```
१   Rechnung Nr. 26-0214
२   Rechnungsdatum 09.02.2026   Lieferdatum 06.02.2026
३   USt-IdNr. DE#########
४   Ihre USt-IdNr.  -
५   Pos. 1  4 Stk  Spindellager         1.185,50  4.742,00
            Zolltarifnr. 84821090
६   Pos. 2  1 Psch Verpackung              85,00     85,00
७   Pos. 3  3 Std  Inbetriebnahme online  140,00    420,00
८   Nettobetrag  EUR                              5.247,00
९   MwSt 0 %                                          0,00
१०  Gesamtbetrag EUR                              5.247,00
११  Pos. 1-2: Steuerfreie Ausfuhrlieferung, § 4 Nr. 1a UStG
१२  Pos. 3: Nicht im Inland steuerbar, § 3a Abs. 2 UStG
१३  FCA Flughafen Frankfurt
१४  14 Tage 2 % Skonto, 30 Tage netto
```

शब्दांच्या आधी आकडे बघा, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. जर्मन माणूस हजाराच्या जागी टिंब देतो आणि पैशांच्या जागी स्वल्पविराम, म्हणजे आपल्या बरोबर उलट. पाचव्या ओळीतलं `1.185,50` म्हणजे अकराशे पंच्याऐंशी युरो पन्नास सेंट. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका इटालियन बिलातलं `2.400,00` एक्सेलमध्ये २.४०० असं चढवलं होतं. चोवीसशे युरोचा व्हॉल्व्ह स्टॉकात दोन युरो चाळीस सेंटला बसला आणि वर्षअखेरीला ऑडिटरनं तो शोधून काढेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. यावर सोपा उपाय म्हणजे नगाला दरानं गुणून बघायचं. चार गुणिले ११८५.५० बरोबर ४७४२. जुळलं, म्हणजे टिंब आणि स्वल्पविराम तुम्ही बरोबर वाचले.

आता वरून खाली येऊ. पहिल्या ओळीतला शब्द ‘रेश्नुंग’, म्हणजे बिल. तो शब्द कागदावर आहे याची खात्री करा, कारण मालाच्या खोक्यात `Lieferschein` असं लिहिलेला अगदी तसाच दिसणारा कागद येतो. ते डिलिव्हरी चलन, त्यावरून खरेदी चढवायची नाही. दुसऱ्या ओळीत दोन तारखा आहेत. पहिली बिलाची, ९ फेब्रुवारी. दुसरी माल त्यांच्याकडून निघाल्याची, ६ फेब्रुवारी. आपल्यासारखाच दिवस आधी, महिना नंतर, त्यामुळे इथे घोळ नाही.

तिसरी ओळ हा पुरवठादाराचा व्हॅट नंबर, आपल्या जीएसटी नंबरासारखा. जर्मनीचा असेल तर `DE` आणि पुढे नऊ आकडे. चौथ्या ओळीत तुमचा तसाच नंबर लिहायची जागा आहे आणि ती रिकामी आहे. ती रिकामीच असायला हवी. युरोपीय संघातल्या एका देशाचा व्यापारी दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला माल विकतो तेव्हा ती लागते. तिथे आपला जीएसटी नंबर घाला म्हणून कुणी सुचवलं तर नको म्हणा.

पाच, सहा आणि सात या बिलाच्या तीन बाबी. पाचवीत चार नग बेअरिंग. सहावीत पॅकिंगचे ठोक ८५ युरो. सातवीत तीन तास, दर तासाला १४० युरो, आणि तो माल नाही. बेअरिंग बसवताना त्यांचा तंत्रज्ञ व्हिडिओ कॉलवर जी मदत करतो, तिचे ते पैसे. या ओळीला पेन्सिलनं गोल करून ठेवा.

पाचव्या ओळीच्या पोटातला आठ आकडी कोड म्हणजे मालाचा सीमाशुल्क वर्ग. आपलाही कोड आठच आकडी असतो, म्हणून लोक तो जसाच्या तसा उचलतात आणि फसतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे, इथे `848210`, म्हणजे बॉल बेअरिंग. शेवटचे दोन युरोपचे स्वतःचे आहेत, आपल्याकडे त्या जागी वेगळे येतात. ते कस्टम्स एजंटाकडून घ्या.

आठवी ओळ करापूर्वीची बेरीज, नववी कर, दहावी एकूण देणं. नवव्या ओळीतल्या `MwSt` ऐवजी काही बिलांवर `USt` असतं. एक कर, दोन नावं, पहिलं बोलण्यातलं आणि दुसरं कायद्यातलं. आपण त्याला व्हॅट म्हणू.

मालकांच्या शंकेचं उत्तर अकराव्या ओळीत आहे. ती सांगते की पहिल्या दोन बाबी निर्यातीच्या आहेत म्हणून करमुक्त. तुम्हीच उद्या दुबईला एखादा पार्ट पाठवलात तर एलयूटीवर शून्य जीएसटीचं बिल करता ना? तिकडच्या गिऱ्हाईकानं ‘जीएसटी लावून द्या, मला दुबईत क्रेडिट घ्यायचंय’ म्हटलं तर तुम्ही हसाल. जर्मन पुरवठादारही तसाच हसेल, आणि खरंच १९ टक्के लावून दिले तर ९१७ युरो १३ सेंट जर्मनीच्या सरकारजमा होतील. मालावर तिकडे भरलेल्या व्हॅटचं क्रेडिट आपल्या जीएसटीत कोणत्याही वाटेनं मिळत नाही.

ही ओळ लिहायला पुरवठादाराकडे माल युरोपबाहेर गेल्याचा सीमाशुल्काचा पुरावा लागतो. तेराव्या ओळीनुसार त्यानं माल फ्रँकफर्ट विमानतळावर तुमच्या फॉरवर्डरच्या हवाली केला, त्यामुळे त्या पुराव्यासाठी तो तुम्हाला किंवा फॉरवर्डरला मेल करू शकतो. ते मेल दुर्लक्षात टाकू नका. पुरावा मिळाला नाही तर तिकडच्या कर खात्याकडून तो कर त्याच्याच गळ्यात पडेल आणि मग तो तुमच्याकडे मागेल. काही पुरवठादार म्हणूनच आधी १९ टक्के घेऊन ठेवतात आणि पुरावा हातात आल्यावर परत करतात. तसं झालं तर ती रक्कम पुरवठादाराकडून येणं म्हणून दाखवायची, कर म्हणून नाही.

बाराव्या ओळीतही शेवटी शून्यच आहे, पण कारण निराळं. परदेशातल्या धंद्याला दिलेल्या अशा सेवेचं करस्थळ घेणाऱ्याचा देश मानतात, म्हणून त्या ४२० युरोंवर जर्मनीचा कर मुळात लागतच नाही. करस्थळ भारत, म्हणजे कर भारतात लागणार आणि तो भरणार तुम्ही. दोन शून्यांचा फरक सांगायचा तर एवढाच: मालावरचा कर विमानतळावर कस्टम्स वसूल करतं, सेवेवरचा कर वसूल करायला कुणी येत नाही. तो आपणहून भरायचा असतो, आणि बहुतेक वर्कशॉपांत तोच राहून जातो.

मालाचा हिशेब आधी करू. तुमच्यासाठी कराचा कागद हे जर्मन बिल नाही, बिल ऑफ एंट्री आहे, म्हणजे माल आयात करताना एजंट कस्टम्सकडे दाखल करतो तो कागद. बेअरिंग आणि पॅकिंग मिळून ४८२७ युरो. तंत्रज्ञाची मदत बिलात वेगळी दाखवली आहे आणि ती माल आल्यानंतर बसवण्याची आहे, म्हणून ती मालाच्या किमतीत धरत नाहीत. मात्र एजंटाला बिल पूर्ण द्या आणि ती ओळ दाखवून द्या, लपवू नका. या किमतीत विमानभाडं आणि विमा मिळवतात. भाडं ३१० युरो धरू. विम्याचा आकडा कुठेच नसेल तर नियमाप्रमाणे विमानतळापर्यंतच्या किमतीच्या १.१२५ टक्के घेतात, ते झाले ५४ युरो ३० सेंट. एकूण ५१९१ युरो ३० सेंट. युरोचा दर बँकेचा नाही, कस्टम्सनं जाहीर केलेला लागतो. सोयीसाठी १०५ रुपये धरू, म्हणजे किंमत ५,४५,०८७ रुपये.

त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरलं तर ४०,८८२ रुपये. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ४,०८८. तिन्हींची बेरीज ५,९०,०५७ आणि तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी, १,०६,२१० रुपये. (शुल्काचा नेमका दर त्या दिवशीच्या बिल ऑफ एंट्रीवर बघा.) यातला आयजीएसटी तेवढा तुमचं इनपुट. मूळ शुल्क आणि अधिभार परत मिळत नाहीत, ते बेअरिंगच्या किमतीत धरायचे.

टॅलीत इथे एक हमखास चूक होते. आयजीएसटी दिसायला हवा म्हणून लोक तो पुरवठादाराच्या खरेदी व्हाउचरमध्येच घालतात. मग जर्मन पुरवठादाराच्या खात्यावर एक लाखावर रुपये जास्तीचे देणे दिसतात, जे त्यानं कधी मागितलेले नाहीत. पुरवठादाराला जमा फक्त ५२४७ युरो. शुल्क, अधिभार आणि आयजीएसटी यांची नोंद वेगळी, कस्टम्सच्या किंवा एजंटाच्या नावे. महिना संपल्यावर `GSTR-2B` मध्ये ही बिल ऑफ एंट्री आली का बघा, आणि `GSTR-3B` मध्ये क्रेडिट `4(A)(1)` या रकान्यात घ्या. आली नसेल तर पोर्टलवर ती शोधून ओढून घेण्याची सोय आहे. पण त्याआधी एजंटानं तुमचा जीएसटी नंबर बरोबर टाकला होता ना, ते तपासा. आठवड्याभरात दिसली नाही तर बहुतेकदा दोष तिथेच निघतो.

आता गोल केलेली सातवी ओळ. ४२० युरो, १०५ च्या हिशेबानं ४४,१०० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ७,९३८ रुपये रिव्हर्स चार्जनं भरायचे. ते क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत, कॅश लेजरमधूनच जातात. कर कधीचा, तर पैसे दिल्याची तारीख किंवा तुम्ही स्वतःच्या नावे केलेल्या बिलाची तारीख, यातलं जे आधी येईल ते. हे बिल अशासाठी की पुरवठादाराकडे जीएसटी नंबर नाही, म्हणून ते तुम्हीच स्वतःच्या नावे करायचं. देणं `3.1(d)` मध्ये दाखवा आणि भरलं की तेवढंच क्रेडिट `4(A)(2)` मध्ये घ्या. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात आला, मग एवढा खटाटोप कशाला, असं मालक विचारतील. न भरता राहिला आणि दोन वर्षांनी नोटीस आली तर त्यावर व्याज बसतं, आणि ते व्याज कुठलंही क्रेडिट घेऊन परत येत नाही.

चौदावी ओळ मालकांना नक्की दाखवा. चौदा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. ‘स्कोंटो’ हा तिकडच्या व्यवहारातला रोजचा शब्द. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, माल कोल्हापुरात पोहोचल्यापासून नाही. म्हणजे सूट मिळण्याचा शेवटचा दिवस २३ फेब्रुवारी. सूट १०४ युरो ९४ सेंट, देणं उरलं ५१४२ युरो ६ सेंट.

पैसे पाठवताना बँकेला माल आणि सेवा वेगवेगळी सांगा. बँक मालाच्या पेमेंटसमोर बिल ऑफ एंट्री लावून जुळवते. ती आहे ४८२७ युरोंच्या मालाची. तुम्ही एकाच फॉर्मवर ५२४७ पाठवले तर ४२० युरो बिनमालाचे लोंबकळत राहतात आणि वर्षभरानं बँकेचा फोन येतो. मालाचा आणि सेवेचा हेतू-कोडही वेगळा असतो. शिवाय सेवेच्या रकमेवर टीडीएसचा प्रश्न उभा राहतो, मालावर नाही. म्हणून ४२० युरो पाठवण्याआधी एकदा सीएंना विचारा. सूट घेतलीत तर कमी पाठवलेल्या रकमेचं कारण म्हणून या चौदाव्या ओळीची प्रत बँकेत द्या.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत पुरवठादाराचा खाते क्रमांक असतो. जर्मन क्रमांक `DE` धरून बरोबर बावीस जागांचा. तो मागच्या बिलाशी एकेक आकडा लावून बघा. ‘आमचं खातं बदललं’ असा मेल आला असेल तर त्याच मेलला उत्तर देऊन विचारू नका, मालकांकडे असलेल्या जुन्या नंबरावर फोन करा.

राहिलं गेज. त्या बिलावर `19 %` आणि समोर `38,00` असेल, म्हणजे २०० युरोचं गेज आणि ३८ युरो व्हॅट. माल काउंटरवर हातात दिला, तो देशाबाहेर गेल्याचा पुरावा दुकानदाराकडे नाही, म्हणून त्यानं कर लावला. पर्यटकांना व्हॅट परत मिळतो असं कुणी मालकांना सांगितलं असेल, पण ती सोय घरगुती वापराच्या खरेदीसाठी आहे, वर्कशॉपच्या गेजसाठी नाही. ते ३८ युरो गेजच्या किमतीतच धरा. क्रेडिट मात्र उलटवावं लागेल, आणि ते वापरलं गेलं असेल तर १८ टक्के दरानं व्याजही येईल. रक्कम चार हजारांच्या आसपास असेल, म्हणून लाजून बसू नका, याच महिन्यात सीएंना सांगा. पुढच्या वेळी खूण सोपी आहे. `GSTR-2B` मध्ये फक्त आपल्याकडचे पुरवठादार आणि कस्टम्स दिसतात. परदेशी दुकानदाराचं बिल तिथे कधीच उगवत नाही, आणि रिव्हर्स चार्जनं तुम्ही स्वतः भरलेला कर सोडला तर जे तिथे नाही ते इनपुटला नाही.

मालकांना एक गोष्ट हळूच विचारा. विमानतळावर त्यांनी ते गेज लाल मार्गावर दाखवलं होतं का? दाखवलं असेल आणि शुल्क भरलं असेल तर त्याची पावती त्यांच्या पाकिटात कुठेतरी असेल. ती मागून घ्या आणि गेजच्या बिलाला टाचणीनं लावा.